डांबरासारखं काळं

त्याला सगळे फरशीवाला म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्याने लोकांच्या घरात गुडघ्यांवर काढली. चुन्याच्या दोरीने ओळ आखायची, सिमेंट-वाळूचा मसाला पसरायचा, फरशी ठेवून रबरी हातोडीने हलकेच ठोकायची आणि गाल जमिनीला टेकवून एका डोळ्याने पाहायचं. केसभर उंच-सखल दिसलं की उखडून पुन्हा. "पाय खोटं बोलत नाहीत, अनवाणी चालणाऱ्याला सगळं कळतं," हे त्याचं पेटंट वाक्य. बायको म्हणायची, "देवापुढे कधी गुडघे टेकले नाहीत, पण परक्यांच्या मोऱ्यांपुढे मात्र रोज."

गुडघ्यांचं व्हायचं तेच झालं. सकाळी उठताना वाळलेल्या लाकडासारखे कडकड वाजायचे. मग औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आल्या. आधी एक, मग सकाळ-संध्याकाळ, मग "आज जिन्याच्या पायऱ्या आहेत" म्हणून आणखी एक. तीही उपाशीपोटी, कारण भरल्या पोटी वाकता येत नाही. पोटात जळजळायला लागलं, तर तो म्हणाला, "पित्त आहे." तिने थंड दूध दिलं. दुखणं अंगावर काढायची सवय दोघांनाही होती. त्यांच्या घरात आजारी पडायचं म्हणजे आधी सबब द्यावी लागे.

काळं पहिल्यांदा तिला दिसलं. संडास धुवायला गेली, तर भांड्याला डांबर फासल्यासारखं काहीतरी चिकटलेलं. पाणी ओतलं, हललं नाही. ब्रशने घासलं तेव्हा काळपट लाल ओघळ आला, आणि वासही नेहमीचा नव्हता. कुजका, गोडसर, नाकात बसून राहणारा.

"अहो, काल काय खाल्लंत?"

"का?"

"काळं आहे सगळं."

तो ओशाळला. इतक्या वर्षांच्या संसारात या विषयावर त्यांचं कधी बोलणं झालं नव्हतं. "काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल. आता तू माझ्या संडासावरही पहारा ठेवणार का?"

ती हसली. पुढे कितीतरी दिवस तिला ते स्वतःचं हसणं ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. जिना चढताना तो मधेच कठड्याला धरून थांबला. चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. रक्त जायचं म्हणजे लाल दिसायचं, एवढंच तिला ठाऊक. लाल तर कुठे नव्हतं. तरी ती म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊ या."

"हे घर संपू दे. मालक परवा राहायला येतायत. मग तू म्हणशील तिथे येतो."

त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ काम करायचा, त्याच धंद्यातला, तशाच गुडघ्यांचा. दुपारी त्याचाच फोन आला. "वहिनी, दादाला चक्कर आली. उलटी झालीय. तुम्ही या."

ती पोहोचली तेव्हा नवरा रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. अर्धी खोली लखलखीत, अर्ध्यात नुसती खडी. बादलीत उलटी होती. गाळणीतला चहाचा चोथा असतो ना, तशी, काळी-तपकिरी, कणीदार.

"चहाच पडलाय," तो म्हणाला. ओठ पांढरे, कपाळावर गार घाम.

"चहा कधी घेतला होतात?"

भाऊ म्हणाला, "सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही."

मग ती थांबली नाही. मालकाचीच गाडी मागितली. "आधी घरी जाऊ, जरा पडतो," असं तो म्हणत राहिला. ती म्हणाली, "पडायचं ते दवाखान्यात पडा." उभं केल्याबरोबर त्याचे डोळे फिरले. दोघांनी आडवंच उचलून गाडीत घातलं.

अपघात विभागातल्या डॉक्टरबाई लहानखुऱ्या होत्या, पण हात झपझप चालत होते. नाडी धरली, रक्तदाब पाहिला आणि लगेच दोन्ही हातांना जाड सुया लावून सलाईन सुरू केलं. रक्तगट तपासायला पाठवला. तो पाणी मागत होता. "काही द्यायचं नाही, थेंबही नाही," त्या म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "संडास काळी होती?"

"हो."

"नुसती काळी, की चिकट, घाण वासाची? लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, त्या चालू आहेत का?"

"नाही. दुखण्याच्या गोळ्या घेतात. चिकट होती. डांबरासारखी."

"कधीपासून?"

तिने सांगितलं. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"ताई, ते रक्तच होतं. पोटात वर कुठेतरी रक्त वाहायला लागलं की ते आतड्यातून खाली येईपर्यंत पचतं आणि काळं होतं. पोटातल्या आम्लात राहिलं की चोथ्यासारखं उलटून पडतं. लाल दिसत नाही म्हणून माणसं थांबतात. आत नळ चालूच असतो. ही थांबायची गोष्ट नाही, त्याच तासाला निघायची आहे."

रक्ताची पिशवी लागली. थोडा स्थिर झाल्यावर तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं. जठर संपून आतडं सुरू होतं तिथे दुखण्याच्या गोळ्यांनी पडलेली खोल जखम, आणि तिच्या तळाशी उघडी पडलेली रक्तवाहिनी. इंजेक्शन देऊन, चिमटा लावून ती बंद केली. संध्याकाळी त्याच्या गालांवर जरा रंग आला.

"मालकाला सांग, कोपऱ्यातली फरशी कुणाला लावू देऊ नको. मी येतो."

"गप्प पडा."

"गुडघे दुखत नाहीत बघ. झोपून राहिलं की दुखत नाहीत. हे आधी कुणी सांगितलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुन्हा उलटी झाली. या वेळी लाल, भळाभळा. परिचारिका धावल्या, खाट ढकलत नेली. ऑपरेशन झालं, एकामागून एक पिशव्या चढल्या, पण आधीच एवढं गेलं होतं की हृदयाने साथ दिली नाही. डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. तिला कळलं.

"पहिल्या दिवशीच आणलं असतं तर?" तिने विचारलं.

बाई तिच्या शेजारी बसल्या. "संधी जास्त होती. वाचलेच असते असं मी सांगू शकत नाही. पण संधी जास्त होती."

खोटं बोलल्या नाहीत, म्हणून तिने त्यांचा हात धरून ठेवला.

घरी माणसं भेटायला येत राहिली. बसायची, उसासे टाकायची, म्हणायची, "नशीब," "आयुष्याची दोरीच तेवढी." एका दुपारी धाकटा दीर सतरंजीवर बसताना विव्हळला आणि सवयीने खिशातून गोळी काढली. पाणी मागायला तोंड उघडलं.

"भावजी," ती म्हणाली, "तुमची संडास कोणत्या रंगाची होते?"

थोरल्या नणंदेने पदर तोंडाला लावला. कुणीतरी हळूच म्हणालं, "बिचारी, डोक्यावर परिणाम झालाय."

दिराचे कान लाल झाले. "वहिनी, चारचौघांत काय हे."

"चारचौघांतच. एकांतात विचारलं होतं एकाला. लाजला तो, आणि मी हसले." तिचा आवाज चढला नाही. "काळी होते का?"

"नाही. नेहमीसारखीच."

"पोट जळतं?"

त्याने गोळी मुठीत मिटली. "जळतं. कधी कधी."

तिने त्याच्या हातातली गोळी काढून घेतली, पायात चपला सरकवल्या आणि दारात उभी राहिली. "चला. डॉक्टरला गुडघेही दाखवू, पोटही."

नणंद म्हणाली, "अगं, अजून माणसं यायचीत."

"येतील, बसतील," ती म्हणाली. "दार उघडंच आहे."

दीर भिंतीचा आधार घेऊन उठला. जिन्यात ती त्याच्यापुढे चालली नाही, त्याच्या वेगाने, एकेक पायरी उतरत राहिली.