वापरून सांगतो

शेतीची अवजारं वापरून दाखवायच्या आमच्या यूट्यूब चॅनलचा नियम सासऱ्यांमुळं पडला. त्यांना मी मामा म्हणते. ऐकायला कमी येतं म्हणून ते आमचे व्हिडिओ नुसते वाचायचे, तेही मोठ्यानं, अक्षर लावत लावत. पडद्यावर खाली लिहिलेल्या ओळीला आम्ही पाटी म्हणायचो. मामांचं वाचून होईस्तोवर पाटी हलवायची न्हाई, असं माझ्या नवऱ्यानं ठरवून टाकलं. मी वैतागायचे, लोक कंटाळून जातील म्हणायचे. हे म्हणायचे, "जाऊ दे. ज्याला पंप घ्यायचाय त्याला बराबर कळलं पाहिजे."

फवारणीच्या बॅटरी पंपाचं खोकं ह्यांनी बदनापूरला आमच्या ओसरीत उघडलं. शूटिंग मी केलं. त्याच आठवड्यात ह्यांच्या छातीत कळ आली आणि जालन्याला दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मला राग आल्ता, अजून आहे. खोकं उघडून असं अर्धवट टाकून कुणी जातं का?

पंप कितीतरी दिवस कोपऱ्यात पडून होता. ह्यांच्या आवाजातला तो शेवटचा व्हिडिओ, पुरा करायचाच म्हणून एकदाची बसले. क्लिपांत नुसता गोंधळ. हाताला लागेल ते बाहेर काढलेलं, आधी चार्जर, मग पट्टा, मग नळी, मधेच हसणं. ह्यांच्याच पद्धतीनं लावत गेले: खोक्यात काय आलं, हातात कसं वाटतं, वापरल्यावर कसं, तक्रार काय, कुणी घ्यावा. हसणं कुठंच बसेना. रडले आणि कापलं.

वापरल्याची क्लिप होतीच कुठं? मीच पंपात साधं पाणी भरलं, पाठीवर घेतला आणि कपाशीत फिरले. मामांनी फोन धरला. खोकं उघडताना हे म्हणाले होते, "एकदम हलका हे." रिकामा पंप हलकाच असणार. भरल्यावर पट्टा खांद्यात रुतत होता. मंग ह्यांच्या चेहऱ्याखाली पाटी लिहिली: "रिकामा हलका. भरल्यावर पट्टा रुततो." गेलेल्या माणसाला खोटं पाडायचं अगदी जिवावर आलं. पण चुकीचं ठेवलं असतं तर पहिले हेच चिडले असते.

वापराच्या आधी ह्यांची एक क्लिप जोडली. पंप बाजूला ठेवून हे म्हणतात, "मंडळी, वापरून सांगतो." तिच्याखाली लिहिलं, "सांगणारे आता नाहीत. पुढचं मी वापरून सांगते."

व्हिडिओ मामांना दाखवला. नेहमीसारखे मोठ्यानं वाचत गेले. पट्ट्याची पाटी वाचून मान हलवली. मंग ही दुसरी पाटी आली. "सांगणारे आता..." एवढं म्हणाले आणि थांबले. मी व्हिडिओ थांबवून त्यांचं वाचून व्हायची वाट बघत बसले. त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसत राहिले, परत लावलाच न्हाई.

व्हिडिओ अजून टाकलेला न्हाई. बाकी सगळं तयार आहे. ती पाटी किती वेळ ठेवायची, तेवढं मला ठरवता येत न्हाई.