हितं आणि तितं

शुक्रवार पेठेतल्या महानंदा बिराजदारबाईंना हिशेबात कुणी हरवून दाखवावं! भाजीवाल्यानं चौतीसचे पस्तीस लावले तरी बाई त्याला चार पावलं परत बोलावतील. नवरा शिवकुमार सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासणारा माणूस, पण घरच्या पैशाला त्यानं वीस वर्षांत बोट लावलेलं नव्हतं. पगार झाला की पावती बायकोच्या हातात द्यायची आणि चहा प्यायला बसायचं.

या घराची एक रीत होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी देवपूजा झाली की महानंदा जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर महिन्याचा खर्च मांडायची आणि तो मोठ्यांदा वाचून दाखवायची. ऐकून घरातल्या प्रत्येकानं “हौदु” म्हणायचं. सासूबाईंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कानडी, त्यामुळं हो म्हणायचं ते कानडीतच. एकदा हौदु म्हटलं की महिनाभर कुरकूर बंद. मुलगी सिद्धेश्वरी पाच वर्षांची असल्यापासून बिस्किटांच्या खर्चाला हौदु म्हणत आलेली. आणि वीस वर्षांत या घरात कुणीही दुसरं काही म्हटलेलं नव्हतं.

मे महिन्यात शिवकुमारची बदली झाली. कुठं, तर गडहिंग्लजला! सोलापूरहून कोल्हापूर गाठायचं, तिथं गाडी बदलायची, आठ-नऊ तास हाडं खिळखिळी करून घ्यायची. सगळं बिऱ्हाडच हलवलं असतं, पण सिद्धेश्वरी नेमकी बारावीला. कॉलेज इथलं, क्लास इथला, क्लासचे निम्मे पैसे भरून झालेले. पोरीला आता हलवलं तर वर्षाचं मातेरं होणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मग ठरलं. मार्चात परीक्षा होईपर्यंत, दहा महिने, दोन चुली.

महानंदानं पान घेतलं, मधोमध रेघ मारली. डावीकडं लिहिलं ‘हितं’, उजवीकडं ‘तितं’. शिवकुमारच्या हातात येणारा पगार बावन्न हजार. घराच्या कर्जाचा हप्ता, किराणा, क्लास, दूध, सासूबाईंची औषधं, लाईट-गॅस, पेट्रोल, पतसंस्थेतली तीन हजारांची आवर्त ठेव, सणवार आणि पाव्हणेरावळे, असं सगळं मिळून हितं साडेचव्वेचाळीस हजार झाले. उरले साडेसात. ते तितं. खोली तीन हजार, दोनदा घरी यायला दोन हजार, मोबाईल तीनशे, वरखर्च सातशे आणि जेवण पंधराशे.

“पंधराशेत काय जेवणार अप्पा?” सिद्धेश्वरीनं विचारलं.

“अगं, कडक भाकरी देणार की मी! पातळ केलेली, तव्यावर वाळवलेली, महिना महिना टिकते. संगट शेंगाचटणी. तितं नुसती डाळ शिजवायची. पंधराशे लई झाले,” महानंदा म्हणाली. आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या हुशारीवर ती भलतीच खूश होती.

तिनं पान वाचलं. सासूबाई हौदु म्हणाल्या, पोरगी म्हणाली. शिवकुमारनं जरा वेळ पानाकडं बघितलं आणि तोही म्हणाला, “हौदु.”

पहिल्याच महिन्यात दणका बसला. इथल्या कचेरीतून शेवटच्या पगाराचा दाखला तिकडं पोचेपर्यंत तिकडचा पगार निघत नाही. तो दाखला कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिला आणि जूनचा पगार वीस दिवस उशिरा झाला. महानंदानं अडीअडचणीला बाजूला ठेवलेल्या पैशांवर ते वीस दिवस काढले, दाताखाली ओठ धरून. पण पुढच्या महिन्यापासून एक तारखेला खात्यात बरोबर साडेचव्वेचाळीस हजार येऊ लागले. ना एक रुपया कमी, ना एक रुपया जास्त. पगाराच्या पावत्या तेवढ्या तिकडंच राहत. ती म्हणायची, “बघा, नीट मांडलं की दोन घरं पण चालतात.”

शिवकुमार महिन्यातून दोनदा यायचा तो एकदाच येऊ लागला. “लई काम हाय गं,” म्हणायचा. खोली कशी आहे विचारलं की म्हणायचा, “बरी हाय की. ऑफिसला लागूनच हाय.” दिवाळीला आला तेव्हा सदरा खांद्यावरून ओघळत होता. महानंदानं ते पाहिलं आणि लाडू जास्त वाढले. बस्स, तेवढंच केलं.

दिवाळी झाली आणि क्लासवाल्यांनी सराव परीक्षांचे महिन्याला पाचशे वेगळे मागितले. महानंदा पान घेऊन बसली. हितं कुठंच हात लागेना. मग नजर गेली उजवीकडं. तीन हजारांची खोली? एकट्या माणसाला? कचेरीतला कुणी जोडीदार घेतला तर दीड हजारात भागेल की! फोनवर हा माणूस नुसता “बघू, बघू” करील. म्हणून तिनं त्याला न सांगताच एका शुक्रवारी पहाटेची पाचची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा खर्चही फार नव्हता. मांडीवर कडक भाकरीचा डबा, पिशवीत चटणी, आणि डोक्यात वाचवायचे दीड हजार.

दुपारी अडीचला ती कचेरीच्या दारात उतरली. बाहेर बाकावर शिपाई बसला होता, पन्नाशीचा, बसू नावाचा. तिनं नाव सांगितल्यावर तो धडपडत उठला.

“वैनी, साहेब तालुक्याच्या बैठकीला गेल्यात. तासाभरात येतील. बसा की.”

“बसत न्हाय. त्यांच्या खोलीवर जाते. कुटं हाय खोली? लागूनच हाय म्हणत होते.”

बसूनं एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा तिच्या हातातल्या डब्याकडं.

“वैनी, साहेबांनी तुमास्नी सांगितलं न्हाय व्हय?”

“काय सांगितलं न्हाय?”

“साहेब हितंच ऱ्हात्यात. मोठ्या साहेबांची परवानगी हाय. चोरून न्हाय काय.”

त्यानं मागचं दार उघडलं. जुन्या कागदपत्रांची खोली. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवर लाल फडक्यांत बांधलेले गठ्ठे, आणि दोन मांडण्यांच्या मध्ये, माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या जागेत, एक चटई. मांडणीच्या कोपऱ्याला शिवकुमारचा टॉवेल. चटईच्या डोक्याशी तिनंच पाठवलेला भाकरीचा जुना डबा आणि एक पितळी वाटी.

महानंदा तिथंच गठ्ठ्यावर बसली.

“चूल कुटं हाय?” तिनं विचारलं.

“कागदाच्या खोलीत चूल कशी पेटवायची, वैनी? रातच्याला वाटीत नळाचं पाणी घेत्यात, भाकरी भिजिवत्यात, चटणी घालून खात्यात. दुपारी आमी समदे आपापल्या डब्यातलं देतो. नको नको म्हणत्यात, पण देतो.”

पाच महिने! तिच्या डोळ्यांपुढं पाच महिने उभे राहिले. ती शुक्रवार पेठेत गरम आमटी वाढत होती आणि इथं तिचा नवरा नळाच्या पाण्यात भाकरी बुडवत होता. वर ती आली कशाला होती, तर यातलेही दीड हजार काढायला! तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की बसूसमोर मान वर करवेना.

शिवकुमार आला तो दारातच थबकला. रागवावं, रडावं, काय करावं तिला सुचेना.

“ह्याला खोली म्हणता व्हय तुमी?” ती ओरडलीच. “तीन हजार कुटं गेले? सांगा ना, कुटं गेले?”

शिवकुमारनं एका गठ्ठ्याखालून पगाराच्या पावत्या काढून तिच्या हातात दिल्या. घरभाडे भत्ता. सोलापूर मोठं शहर म्हणून तिथं मूळ पगाराच्या वीस टक्के मिळायचा. गडहिंग्लज लहान गाव, इथं दहा टक्के. कुटुंब कुठं राहतं ते सरकार विचारत नाही, नोकरी कुठं आहे ते बघतं. महिन्याला साडेचार हजार कमी. बावन्नचे साडेसत्तेचाळीस झाले होते. त्यातून घरी साडेचव्वेचाळीस पाठवले की माणसाच्या हातात राहतात तीन हजार. हजार गाडीभाड्याला, तीनशे मोबाईलला, बाकीच्यात महिना.

भाजीवाल्याला एका रुपयासाठी परत बोलावणाऱ्या बाईनं दहा महिन्यांचा खर्च जुन्या गावाच्या पगारावर मांडला होता.

“तुमी तर बिलं तपासता! तुमास्नी ठाऊक होतं की! का न्हाय बोललात?”

“पान वाचलंस तेव्हा ठाऊक होतं,” तो हळूच म्हणाला. “पण बोललो असतो तर तू कुटनं काढलं असतंस? क्लासातनं, न्हायतर आईच्या औषधातनं. आणि मी हौदु म्हटलं होतं ना.”

“आग लागो त्या हौदुला!” महानंदा म्हणाली आणि घळाघळा रडली. बसूनं बाहेरून हळूच दार ओढून घेतलं.

रडणं ओसरल्यावर तिनं पिशवीतून दुसरं पाठकोरं पान काढलं, पुन्हा मधोमध रेघ मारली. या वेळी आधी ‘तितं’ लिहिलं. खोली तीन हजार. जेवण तीन हजार. महिन्यातून एकदा घरी, हजार. मोबाईल तीनशे, वरखर्च सातशे. झाले आठ. मग ‘हितं’. पतसंस्थेतली आवर्त ठेव बंद. ती ठेव तिच्या मोहनमाळेसाठी होती, हे फक्त तिला आणि शिवकुमारला माहीत होतं. पेट्रोलचे हजार कमी, किराण्याचे हजार कमी. सराव परीक्षांचे पाचशे किराण्यातूनच काढायचे. क्लास आणि औषधं होती तशी. साडेएकोणचाळीस. बेरीज बरोबर साडेसत्तेचाळीस.

तिनं घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. अप्पा कुठं झोपतात ते पोरीला सांगितलं नाही. पगार कमी झालाय, एवढंच सांगितलं. मग पान वाचलं, एकेक आकडा, सावकाश.

“हौदु,” सासूबाईंचा आवाज आला.

“हौदु, मम्मी,” सिद्धेश्वरी म्हणाली.

महानंदानं नवऱ्याकडं बघितलं. तो गठ्ठ्यांकडं बघत होता. त्याच्या तोंडात तो शब्द तयार होता, तिला दिसत होता. वीस वर्षं तो असाच तयार असायचा.

“तुमी सांगा,” ती म्हणाली. “खरं सांगा.”

“इल्ला,” तो म्हणाला.

कानडीतलं ‘नाही’ या घरात पानावर कुणी म्हटल्याचं सासूबाईंनासुद्धा आठवत नव्हतं.

“तीन हजारांत हितं खोली मिळत न्हाय,” तो म्हणाला. “मी जूनमध्येच सगळीकडं विचारलं होतं. पाच लागतात.”

महानंदानं सणवार आणि पाव्हणेरावळे यांच्या तीन हजारांतले दोन हजार खोडले. खोलीपुढचा तीनचा आकडा गिरवून गिरवून त्यावर पाच केला.

“हौदु,” ती म्हणाली, आणि त्याची चटई गुंडाळायला घेतली.