अम्मांच्या फोनमधला दुसरा रकाना

ही गोष्ट मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर आणि एकदा चक्क न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला साबण असताना सांगितली आहे. प्रत्येक वेळी तिच्यात मी एका म्हातारीचा जीव वाचवतो. तिसऱ्या-चौथ्या प्रयोगानंतर मी दवाखान्याच्या पायऱ्या एका वेळी दोन-दोन चढायला लागलो. खरं तर त्या दवाखान्याचा अपघात विभाग तळमजल्यावरच आहे.

आता खरी सांगतो.

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यातून मी चोपन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तेव्हापासून दिवसा घरी असणारा बिल्डिंगमधला एकमेव धडधाकट पुरुष म्हणजे मी. गॅसचा सिलिंडर आला, नळ तुटला, कुणाचा फोन अडकला की माझं दार वाजतं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडतं.

आमच्या खालच्या मजल्यावर दोघी मल्याळी मायलेकी राहतात. मुलगी मामाकडे नाशिकमध्येच वाढली, मराठी शाळेत शिकली, अंबडला एका कंपनीत हिशेबतपासणीचं काम करते आणि मला काका म्हणते. गेल्या वर्षी तिने केरळातून आईला इकडे आणलं. आईला आम्ही सगळे अम्मा म्हणतो. अम्मांना मराठी येत नाही, हिंदी चार-पाच वाक्यांपुरती येते. फोन मात्र त्यांनी तिकडेच घेतलेला, सगळा मल्याळममध्ये. गंमत अशी की मुलगी मल्याळम घडाघडा बोलते, पण तिला ते वाचता येत नाही. शिकवणार कोण होतं इथे?

एका रविवारी तिने मला खाली बोलावलं. दिवसभर आई एकटी असते, मधुमेह आहे, रक्तदाब आहे, आणि तरुणपणी पेनिसिलिनच्या इंजेक्शनने घसा सुजून ती मरता मरता वाचली होती. फोन लॉक असला तरी परक्या माणसाला तिची माहिती दिसावी आणि मुलीला फोन लावता यावा, अशी सोय असते म्हणतात, ती करून द्याल का, असं तिने विचारलं. फोनची भाषा बदलावी, तर अम्मांना काहीच वाचता येणार नाही.

मी बाह्या सरसावल्या. सेटिंगचं दातेरी चक्र कुठल्याही भाषेत दातेरी चक्रच असतं. आत गेलो. द्राक्षाच्या वेलीला फुटलेल्या ताण्यांसारखी वळणदार अक्षरं एकाखाली एक उभी. मी माझा मराठी फोन शेजारी ठेवला आणि आणीबाणीच्या सोयीची लाल चांदणीसारखी खूण शोधली. सापडली. मुलीचं नाव अम्मांनी मल्याळममध्ये साठवलेलं, म्हणून मी मुलीला तिथेच मिस्ड कॉल द्यायला लावला आणि त्या नंबरवरून नाव ओळखून ते आणीबाणीच्या यादीत टाकलं. ती "वा काका" म्हणाली. इथेच माझ्या डोक्यात हवा गेली.

मग वैद्यकीय माहिती. माझ्या फोनमध्ये पहिल्यांदा ॲलर्जीचा रकाना येतो, मग औषधांचा, मग इतर नोंदींचा. अम्मांच्या फोनमध्येही तीन मोठे रकाने एकाखाली एक होते. त्यांचा फोन दुसऱ्या कंपनीचा आहे आणि कंपनी बदलली की रकान्यांचा क्रमही बदलू शकतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी इंग्रजीत पहिल्या रकान्यात पेनिसिलिन टाकलं, दुसऱ्यात ॲम्लोडिपिन ही त्यांची रक्तदाबाची गोळी, तिसऱ्यात डायबेटीस. रक्तगटाला तर नुसती यादीतून निवड.

हे चालू असताना अम्मा माझ्या शेजारी वेताच्या मोड्यावर बसल्या होत्या. दुसरा रकाना भरत असताना त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, रकान्यावर बोट टेकवलं आणि मान हलवत काहीतरी म्हणाल्या. मुलगी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. मी अम्मांचीच नक्कल केली. तशीच मान हलवली, तसंच बोट टेकवलं आणि मराठीत म्हणालो, "अम्मा, ड्रायव्हरशी बोलू नये." मुलगी आतून हसली. अम्माही हसल्या, थोड्या उशिरा. हात मागे घेतला.

मग लॉक असतानाही माहिती दिसेल अशी खूण चालू केली, फोन लॉक केला, तातडीच्या कॉलच्या पडद्यावर गेलो आणि सगळं दिसतं हे दाखवलं. चहा दोन कप प्यायलो.

दोनेक महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, मुलीचा फोन आला. अम्मा भाजी आणायला गेल्या होत्या. बाजारात ओल्या पालापाचोळ्यावर पाय घसरून पडल्या. कपाळ फुटलं, पायाला खोल जखम. एका कोथिंबीरवालीने त्यांच्या लॉक फोनवरून मुलीला फोन लावला आणि रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. मुलगी अंबडहून निघाली होती, पण द्वारका चौकातल्या गर्दीत अडकणार हे तिलाही माहीत होतं. "काका, तुम्ही जवळ आहात. जाता का?"

मी गेलो. अम्मा खाटेवर, डोक्याला पट्टी, डोळे अर्धवट मिटलेले, आणि ओठांतून फक्त मल्याळम. तरुण डॉक्टर त्यांचा फोन हातात धरून उभे होते. जखमेत बाजारातली घाण गेली होती. ते नर्सला इंजेक्शन सांगत होते आणि म्हणत होते, पेनिसिलिन यांना आधीपासून चालू दिसतंय, म्हणजे या गटातलं चालेल.

मी पुढे झालो. मी म्हणालो, चालू नाही, त्यांना त्याची ॲलर्जी आहे, घसा सुजतो. डॉक्टरांनी हात वर केला, इंजेक्शन थांबलं. इथपर्यंतची गोष्ट टपरीवरच्या गोष्टीशी जुळते.

डॉक्टरांनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर तीन इंग्रजी शब्द आणि त्यांच्या डोक्यावर त्या वळणदार अक्षरांतली शीर्षकं. म्हणजे माहिती मी इंग्रजीत लिहिली, पण शीर्षकं फोनच्याच भाषेत राहिली होती. नाशिकमधल्या डॉक्टरला ती कशी कळावीत? त्यांनी अंदाज केला, एक आजार आणि दोन औषधं. कुणीही तोच केला असता.

वॉर्डातली एक नर्स केरळची होती. तिला बोलावलं. तिने शांतपणे वाचून दाखवलं. आजार, पेनिसिलिन. ॲलर्जी, ॲम्लोडिपिन. औषधं, डायबेटीस.

कुणी हसलं नाही. अम्मांनी त्या रविवारी दुसऱ्या रकान्यावर बोट टेकवलं होतं. तिथे ॲलर्जी असं लिहिलेलं त्यांना स्वच्छ वाचता येत होतं, आणि मी त्याखाली त्यांची रोजची गोळी लिहीत होतो. अख्ख्या घरात ते वाचू शकणारं एकच माणूस होतं. त्याची मी नक्कल केली होती.

"हे भरलं कोणी?" डॉक्टरांनी विचारलं.

आणि मी म्हणालो, "मुलीने भरलं असेल."

हे वाक्य मी पार्किंगमध्ये कधीच सांगितलेलं नाही.

अर्ध्या तासाने ती धावत आली. घामाने चिंब, ओळखपत्र अजून गळ्यात. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं होतं, धोका टळला होता. त्यांनी तिला बाजूला घेतलं आणि चांगलंच सुनावलं. एवढी शिकलेली मुलगी, आईची माहिती अशी भरते? हे गृहस्थ वेळेवर आले नसते तर काय झालं असतं? मी खांबाशी उभा होतो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरची हात धुण्याची सूचना वाचायला लागलो, मराठी आणि इंग्रजी दोन्हीमध्ये. ती डॉक्टरांना म्हणाली, "सॉरी सर, चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी तिने आमच्या घरी केळ्याच्या वेफर्सचा डबा पाठवला. माझी बायको म्हणाली, किती गुणी पोरगी. मी वेफर्स खाल्ले. कुरकुरीत होते. घशाखाली उतरत नव्हते असं लिहायला मला आवडलं असतं, पण उतरले. सगळेच.

मग मी गोष्ट सांगायला लागलो. जितक्या वेळा सांगितली तितके जिने वाढत गेले. खाली अम्मांच्या दारावरून जाताना मात्र मी चप्पल हातात घ्यायचो. एकदा बायकोने पाहिलं. विचारलं, हे काय नवीन? मी म्हणालो, गुडघा. चप्पल हातात घेतल्याने गुडघ्याला काय आराम पडतो हे तिने पुढे विचारलं नाही, पण रात्री तेल मात्र आणून ठेवलं.

आठ-दहा दिवसांनी, टाके काढून झाल्यावर, मी खाली गेलो. संध्याकाळचे सहा वाजले होते. मुलगी नुकतीच कामावरून आली होती. अम्मा त्याच मोड्यावर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. घरून येताना मी माफीचं एक छान भाषण बसवलं होतं, सुरुवात आणि शेवट दोन्ही. उंबरठ्यावर सगळं विसरलो. नुसतं म्हणालो, फोनमधलं मी चुकीचं भरलं, आणि दवाखान्यात तुझ्यावर ढकललं.

ती पर्स अडकवत होती. अडकवून झाल्यावर म्हणाली, "माहीत आहे काका. घरात फोनला हात तुम्हीच लावला होता."

मी विचारलं, मग डॉक्टरांपुढे बोलली का नाहीस.

"तुम्ही बोलाल असं वाटलं. मग वाटलं, उद्या बोलतील." तिने गळ्यातलं ओळखपत्र काढलं. "मग पार्किंगमध्ये तुमची गोष्ट ऐकली. मी गाडी लावत होते, तुम्हाला दिसले नाही. जिने छान चढलात."

कानशिलं इतकी तापली की मी खरोखर हात लावून पाहिला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती दमलेली होती. मग हळू आवाजात म्हणाली की त्या दिवशी अम्मा बोट दाखवत होती तेव्हा आतून तीही हसली होती. ते तिच्याही डोक्यातून जात नाही.

अम्मा आमच्या तोंडांकडे बघत होत्या. मुलीने त्यांना सगळं मल्याळममध्ये सांगितलं. त्यात माझी नक्कल आली हे मला हातवाऱ्यांवरून कळलं. अम्मांनी शेंगा बाजूला ठेवल्या, हात पदराला पुसले आणि फोन माझ्या हातात दिला.

मग आम्ही तिघं बसलो. अम्मा शीर्षक वाचायच्या, मुलगी मराठीत सांगायची, मी टाकायचो. शीर्षक दवाखान्यात वाचता येणार नाही म्हणून मी प्रत्येक रकान्यात शब्दाआधी तो काय आहे तेही इंग्रजीत लिहिलं. ॲलर्जी आहे, पेनिसिलिन देऊ नका. आजार, मधुमेह आणि रक्तदाब. रोजचं औषध, ॲम्लोडिपिन. मधुमेहाची गोळी मी गेल्या वेळी लिहिलीच नव्हती, तीही आता आली. प्रत्येक रकान्यानंतर मी थांबायचो. अम्मा चष्मा नाकावर ढकलून पाहायच्या, मान डोलावायच्या, मगच पुढे. हे सगळं करायला पाऊण तास लागला. पहिल्यांदा मी बारा मिनिटांत केलं होतं. तेही मी सगळ्यांना सांगितलं होतं.

शेवटी आणीबाणीच्या नंबरांची यादी आली. त्यात एकटी मुलगी होती. अम्मा मुलीला काहीतरी म्हणाल्या. मुलगी मला म्हणाली, "अम्मा म्हणतेय, काकांचा पण टाका. दिवसा ते घरी असतात."

मी नको म्हणालो. खरंच म्हणालो, नाटक नाही. माझ्यावर भरवसा ठेवायला अजून थोडा वेळ जाऊ दे, असं काहीतरी. मुलीने भाषांतर केलं. अम्मांनी ऐकलं आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला. माझा नंबर मी सांगितला, एकेक आकडा, हिंदीत. त्यांनी तो टिपला आणि नावाच्या जागी एका बोटाने, सावकाश, मल्याळममध्ये काहीतरी लिहिलं. चांगलं लांब होतं.

काय लिहिलं, मी मुलीला विचारलं. तिला वाचता येत नाही, म्हणून तिने अम्मांना विचारलं. अम्मांनी तिच्या कानात सांगितलं. मुलीने तोंडावर हात ठेवला. मग दोघीही इतकं हसल्या की अम्मांनी कपाळावरच्या टाक्यांच्या जागी हात धरला.

"सांग तरी," मी म्हणालो.

"नाही काका," ती डोळे पुसत म्हणाली. "फोन वाजला की उचला फक्त."