तो स्पॅनिश निरोप मी लिहिला होता

बत्तीस वर्षं मी नवापूर तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन कोरीटला घरी आलो, शेत मुलाच्या हाती होतं, मला फारसं काम नव्हतं. त्याच सुमारास माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. तिच्या गावच्या बायकांनी बचत गट काढला होता. करवंदांचा जॅम, आमचूर, मोहाचे लाडू असं काही त्या करत. ती गटाची सचिव होती. तेव्हा सव्वीस वर्षांची, लग्न ठरलेलं, मुलगा सोनगडकडचा.

ती म्हणाली, "सर, आमच्याकडे एक स्पेनच्या बाई येऊन गेल्या. नर्स होत्या, निवृत्त झाल्यात. महिनाभर राहिल्या. जाताना जॅमच्या वीस बाटल्या घेऊन गेल्या. आता त्यांच्या मैत्रिणी निरोप पाठवतात फोनवर. आम्हाला काही कळत नाही."

"स्पॅनिश?"

"बाईंना थोडं इंग्रजी येतं. मैत्रिणींना नाही."

मी तिला सांगितलं की इंग्रजीचं मी बघतो आणि स्पॅनिशचंही बघतो. हे दुसरं वाक्य मी का बोललो, याचा मी चार वर्षं विचार करतो आहे. उत्तर फार खोल नाही. सहा महिने मला कोणी काही विचारलं नव्हतं.

नंदुरबारला रद्दीच्या दुकानात एक खिशात मावणारा स्पॅनिश-इंग्रजी शब्दकोश मिळाला. तो मी रोज सकाळी ओट्यावर बसून चाळायचो. बघता बघता लक्षात आलं की अर्धे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. इंग्रजीतलं नेशन तिथे नासिओन होतं, युनिव्हर्सिटीचं उनिवेर्सिदाद होतं. शेवट बदलायचा की झालं काम. मी वहीत नियम लिहून काढले. मला फार आनंद झाला होता, हे कबूल करतो.

कामाची पद्धत अशी ठरली. बाई इंग्रजीत जे लिहितील ते माझ्या फोनवर येणार आणि मी ते गटाला मराठीत सांगणार. गटाला जे कळवायचं ते मी स्पॅनिशमध्ये कॅलेंडरच्या जुन्या पानामागे मोठ्या अक्षरांत लिहून देणार. ती ते पान समोर ठेवून एकेक अक्षर फोनवर टाकणार आणि दोन्हीकडच्या बायकांच्या ग्रुपवर पाठवणार. ती पानं तिच्याशिवाय कोणी पाहत नव्हतं, फोनवर लिहिताना सगळ्यांना तीच दिसायची. बैठकीला मी दर मंगळवारी एसटीने जायचो. मला प्लास्टिकची खुर्ची असायची, बाकी सगळ्या सतरंजीवर.

एकदा तिने विचारलं होतं, "सर, फोनमध्येच भाषांतर होतं म्हणतात."

"मशीनवर कशाला जातेस? त्याला भाव कळतो का?"

ती हसून म्हणाली, "नाही, नाही. तुम्ही आहात म्हटल्यावर."

मग ऑक्टोबर आला. तिकडच्या बायकांनी विचारलं होतं की जॅम टिकावा म्हणून त्यात काही घालता का. भातकापणी चालू होती, उत्तर द्यायला पंधरा दिवस गेले. ती मला म्हणाली, "आधी माफी मागा सर. मला फार ओशाळल्यासारखं झालंय म्हणावं. मग सांगा, जॅममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नाही. आणि डिसेंबरात त्या येणार आहेत, त्याची आम्हाला फार उत्सुकता आहे."

तीन वाक्यं. मी ती ओट्यावर बसून अर्ध्या तासात केली. उशीर झाल्यामुळे ओशाळले आहे, यासाठी मला इंग्रजीतला एम्बॅरस्ड आठवला. शब्दकोश चाळताना एम्बाराझादा हा शब्द मी पूर्वी पाहिला होता. पाहिला होता, पण त्यापुढचा अर्थ वाचला नव्हता, कारण तो ओळखीचा वाटला. प्रिझर्व्हेटिव्हचं प्रेसेर्वातिवो केलं. एक्सायटेडचं एक्सितादास. एकही शब्द उघडून बघितला नाही. शब्दकोश मांडीवरच होता.

स्पॅनिशमध्ये एम्बाराझादा म्हणजे गरोदर. प्रेसेर्वातिवो म्हणजे निरोध. आणि एक्सितादास म्हणजे ज्या अर्थाने उत्तेजित हा शब्द आपण चारचौघांत वापरत नाही, तो. माझ्या विद्यार्थिनीने स्वतःच्या नावाने, तिच्या फोनवरून, चाळीस बायकांच्या ग्रुपवर लिहिलं होतं की उशीर झाल्यामुळे मी फार गरोदर आहे.

तिकडून लगेच फुलं आली, हृदयं आली. एकीने लोकरीच्या पिवळ्या टोपड्याचा फोटो टाकला. आमच्या बायकांना वाटलं, जॅम आवडला. टोपडं कशाला म्हणून मात्र एकीच्या नवऱ्याला शंका आली. त्याने तो मजकूर भाषांतराच्या अॅपमध्ये टाकला. मशीनने भाव बाजूला ठेवला आणि अर्थ सरळ मराठीत दिला. त्याने त्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो फोटो जवळच्या विसरवाडीच्या स्टँडवर चहाच्या टपरीत फिरत होता.

ही गोष्ट इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. यापुढचं माहीत नाही.

सोमवारी दुपारी स्पेनच्या बाईंचा मला इंग्रजीत निरोप आला. फक्त मला, कारण इंग्रजी माझ्याकडे यायचं. त्यांनी लिहिलं होतं की इंग्रजी येणारी माणसं स्पॅनिश लिहिताना हीच चूक हमखास करतात. ओशाळणं सांगायचं तर मे दा वेर्ग्वेन्सा म्हणतात, आणि जॅममध्ये जे नाही त्याला कोन्सेर्वान्ते म्हणतात. उत्सुक आहोत म्हणायला वेगळा शब्द आहे. आम्ही खूप हसलो, मैत्रिणींना मी खरं काय ते सांगितलं आहे. शेवटी लिहिलं होतं: पण तुमच्याकडे कोणाचा गैरसमज व्हायला नको, म्हणून हे सगळ्या बायकांना वाचून दाखवा.

मंगळवारच्या बैठकीला मी गेलो तेव्हा तो निरोप माझ्या खिशात होता.

त्या दिवशी सतरंजीवर नेहमीपेक्षा जास्त लोक होते. काही पुरुष दारात उभे. गटाच्या अध्यक्ष, वयस्कर बाई, तिला म्हणाल्या, "काय गं, हे कोणी लिहिलं?"

दारातून कोणीतरी म्हणालं, "उशीर झाला म्हणे. किती उशीर?" हसू पसरलं.

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. शाळेत फळ्यापुढे उभी राहून उत्तर आठवत नसलं की ती जशी पाहायची, तसं.

मला फक्त खिशात हात घालायचा होता. पण इंग्रजीचे सर म्हणून त्या पंचक्रोशीत माझी ओळख होती. हसू माझ्या खुर्चीपर्यंत येईल एवढंच मला दिसत होतं. मी म्हणालो, "शब्द चुकला असेल तिचा."

तिचा. हा एक शब्द.

अध्यक्षबाईंनी पुन्हा विचारलं, "तूच लिहिलंस?"

"हो," ती म्हणाली. "मीच लिहिलं."

"स्पेनच्या बाई काय म्हणाल्या, सर?"

"काही नाही. काळजी घ्या म्हणाल्या."

मी हे वाक्य इथे जसंच्या तसं लिहितो, कारण ते वाक्य बोलायला मला काहीच त्रास झाला नव्हता. त्या वाक्याने मात्र सगळं पक्कं झालं. काळजी घ्या म्हणजे बातमी खरी. सरांनी लिहिलं असतं तर लोक दोन दिवस सरांना हसले असते आणि विषय संपला असता. मुलीने स्वतः लिहिलं म्हटल्यावर तो विषय मुलीचा झाला. सोनगडच्या लोकांनी पंधरा दिवसांत निरोप पाठवला की मुलगा अजून दोन वर्षं थांबतो म्हणतो. पोट दिसलं नाही, तेव्हा लोकांनी त्यालाही कारण शोधलं. डिसेंबरात स्पेनच्या बाईंचं येणं रद्द झालं. मुलीने गट सोडला. विसरवाडीत हायवेच्या कडेला ब्लाऊज शिवायचं दुकान टाकलं. तिची आई रविवारी चर्चमध्ये मागच्या ओळीत बसायला लागली, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

बायको आमची सरळ बाई आहे. तिला मी दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं. ती तेव्हापासून अधूनमधून तिच्या अहिराणीत म्हणायची, "सांगी द्या एकदाव. कितला दिन पोटमा ठेवशात?" मी म्हणायचो, आता कशाला जुनं उकरायचं. माणूस थकला की त्याला आपलंच म्हणणं शहाणपणाचं वाटतं.

यंदा उन्हाळ्यात डोळ्याच्या तपासणीला चिंचपाड्याला गेलो होतो. परत येताना विसरवाडीला उतरलो. दुकान सापडायला वेळ लागला नाही. ती मशिनवर होती. मला पाहून उठली, स्टूल दिलं, पाणी दिलं.

मी सगळं सांगितलं. फोन बदलला होता, पण तो निरोप मी जपून ठेवला होता. का, ते माहीत नाही. तिला दाखवला. तिने तो सावकाश वाचला, तिचं इंग्रजी मीच शिकवलेलं.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "शब्द तुमचा हे तर मला माहीतच होतं. पण हे आलं होतं, हे माहीत नव्हतं."

मग तिने कपाटातून कापडाच्या तुकड्यांखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात कॅलेंडरची पानं होती. सगळी. ऑक्टोबरचं वरच होतं, माझ्या अक्षरातलं.

"हे तेव्हा दाखवलं का नाहीस?"

"तुम्ही समोर बसला होता ना, सर." पानं पिशवीत परत ठेवत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हीच सांगाल."

मी म्हणालो, मंगळवारी गटाच्या बैठकीत येऊन सांगतो. ती मशिनवरचा दोरा ओवत राहिली.

"गटात नंतर सांगा. आधी माझ्या आईला सांगा. तिला मराठी नीट समजत नाही, मावचीत सांगावं लागेल."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. तिलाही ते लगेच आठवलं असावं. बत्तीस वर्षं ज्या मुलांना शिकवलं, त्यांच्या घरची भाषा मला येत नव्हती. पाणी, ये, बस, एवढंच. म्हातारपणी स्पॅनिश शिकायला बसलो होतो.

"चला," ती म्हणाली, "मी सांगते तिला तुमचं."

दुकानाचं शटर ओढून ती माझ्याबरोबर रिक्षात बसली. आई अंगणात मोह वाळवत होती. आम्ही खाटेवर बसलो. मी एकेक वाक्य मराठीत बोलत होतो आणि ती ते आईला सांगत होती. निरोप मी लिहिला. चूक माझी होती. बाईंनी खरं कळवलं होतं, ते मी लपवलं. माझी वाक्यं लांब होती. तिची फार छोटी होती. एकदा आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मोहाकडे.

माझं संपल्यावर आई बराच वेळ बोलली. मुलगी ऐकत होती, मध्ये एकदा तिने काहीतरी उत्तर दिलं, आई पुन्हा बोलली.

मी विचारलं, "काय म्हणाली?"

ती उठत म्हणाली, "चहा घेऊन जा म्हणते."

मी चहा घेतला. पुढच्या मंगळवारी गटाच्या बैठकीत उभा राहून बोललो, ते मराठीत होतं, त्याला कोणाची मदत लागली नाही.