पेवातल्या हवेचा पाठ

अकोल्याच्या शाळेत त्या काळी खेड्यांवर पाठवायच्या पंतोजींसाठी एक वर्ग चालत असे. मी त्या वर्गात होतो. खिडकीबाहेरून कापसाच्या बैलबंड्या दिवसभर जात. कापसाला कधी नव्हता असा भाव आला होता, त्यामुळे काळ्या जमिनीत ज्याने त्याने कापूसच पेरला. ज्वारी मागे पडली. जिच्या भाकरीवर घर चालायचे तीच महाग झाली आणि गावोगाव जुनी पेवे उघडू लागली. पेव म्हणजे जमिनीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा धान्याचा खड्डा. आत कडबा आणि भुसा लावून ज्वारी भरतात आणि तोंड मातीने लिंपून टाकतात.

मास्तर पुण्याकडचे होते. त्यांनी पेव पाहिलेले नव्हते. ‘हवा’ या विषयावरचे टिपण त्यांनी फळ्यावर लिहून दिले ते एका इंग्रजी पुस्तकावरून. हवा सगळीकडे असते पण दिसत नाही. ती दिव्याला जळायला लागते आणि माणसाला जगायला लागते. कोंडलेल्या धान्याने ती बिघडते आणि तिथे एक जड वायू साठतो. हा वायू खोल जागा धरून राहतो. त्यात दिवा विझतो. त्यात माणूस उतरला तर भोवळ येऊन पडतो आणि मरतो. म्हणून आधी दिवा सोडून पाहावा, विझला तर उतरू नये. तोंड उघडे ठेवावे, पाल्याची फांदी खालीवर करून हवा हलवावी आणि दिवा तळाशी जळत राहिला तरच उतरावे.

या टिपणाची गोष्ट करून आणायची होती. अट एकच. मुद्दे त्याच क्रमाने यावेत, एकही गळू नये, एकही वाढू नये.

“खेड्यातल्या मुलाजवळ पाटी नसते,” मास्तर म्हणाले. “तो ऐकूनच शिकणार. एक मुद्दा दुसऱ्याचा हात धरून आला, तर मधला हरवला तरी शोधता येतो. क्रम मोडलात तर करमणूक होईल, धडा होणार नाही.”

माझ्या शेजारी बसणारा सोबती शेतकऱ्याच्या घरचा होता. गाव अमरावतीच्या रस्त्यावर, अकोल्यापासून बंडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आदल्या साली त्याचा थोरला भाऊ घरच्या पेवात उतरला आणि वर आला नाही. ते पेव तेव्हाच बुजवले. दुसरे पेव शिल्लक होते आणि घरातली ज्वारी संपत आली होती. मजूर त्या घरच्या पेवात उतरायला तयार नव्हते. गावात बोलणे होते की पेवात काहीतरी बसले आहे आणि ते माणूस धरते. बापाने ठरवले होते की आपणच उतरायचे.

सोबत्याने घरी जाऊन टिपण जसेच्या तसे बापाला सांगून पाहिले होते. बाप म्हणाला होता, “हवा वावरात बी हाये न घरात बी हाये. ते काही माणसाले खाते काय?”

म्हणून त्याला गोष्ट हवी होती. आमच्यासाठी तो वर्गातला अभ्यास होता.

त्याची पहिली गोष्ट मरणापासून सुरू झाली. मास्तरांनी ती परत केली, कारण सहावा मुद्दा पहिला आला होता. दुसऱ्या गोष्टीत माणूस उतरण्याआधीच एक म्हातारा येतो, दिवा सोडायला सांगतो आणि माणूस वाचतो. मास्तरांनी तीही परत केली.

“नियम आधी आला. टिपणात माणूस आधी मरतो.”

“मंग त्याले मरूच द्याचं काय, मास्तर?”

“नियम कळला असता तर तो उतरलाच नसता. नियम त्याच्यामागून येतो.”

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “अबे, मेलेल्याले नियम सांगून काय लोणचं घालतं का?”

वर्ग हसला. सोबती हसला नाही. तो पाटी पुसत राहिला.

तिसऱ्या वेळी त्याने दोन माणसे केली. एक उतरणारा आणि एक काठावर उभा राहणारा. पहिले मुद्दे उतरणाऱ्याच्या वाट्याला आणि मरणानंतरचे सगळे काठावरच्याच्या. क्रम जागचा हलला नाही. मास्तरांनी वाचून मान हलवली आणि एका ओळीवर बोट ठेवले. तिथे लिहिले होते की कोणी फुंकर मारावी तसा दिवा विझला.

“फुंकर आली की फुंकणारा आला. टिपणात तो नाही.”

सोबत्याने ती ओळ खोडली आणि लिहिले, “दिवा विझला. वारा नव्हता.”

सुटीत तो गावी निघाला तेव्हा मला बरोबर घेऊन गेला. कारण त्याने सांगितले नाही. मला वाटते, बापासमोर एकट्याने ती गोष्ट सांगायची त्याची तयारी नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा बाप अंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. त्या दोराने तो दुसऱ्या दिवशी पेवात उतरणार होता. माय जात्याजवळ होती. जात्यात मूठभर ज्वारी होती, तीही उसनी. शेजारची दोन माणसे ओट्यावर होती.

“आला काय पंतोजी?” त्यातला एक म्हणाला. “हवा शिकून आला म्हने.”

“हवा नाई, काका. गोष्ट आनली.”

“सांग मंग. फुकटात हाये तोवर आयकतो.”

त्याने वऱ्हाडीत सांगितली. एका गावात दोघे होते. एकाला वाटे की जे दिसत नाही ते नसतेच. त्याने दिव्यावर मडके पालथे घातले आणि दिवा गेला. त्याने पाण्यात डोके घातले आणि गुदमरून वर काढले. तेव्हा त्याला कळले की जे दिसत नाही तेही लागते. मग दोघे पेवावर गेले. ज्वारी वर्षभर कोंडलेली होती. आतली हवा बिघडली होती आणि जड होऊन तळाशी बसली होती. ज्वारी किती उरली ते पाहायला त्याने दोरीला दिवा बांधून आत सोडला.

“दिवा इझला,” सोबती म्हणाला. “वारा नोता.”

बापाचे हात दोरावर थांबले.

“तो हासला. त्यानं दोर धरला न उतरला.”

“थांब,” बाप म्हणाला. “हे तुले कोनं सांगतलं?”

“कोनतं, बा?”

“दिव्याचं.”

“मास्तरनं लिहून देल्लं.”

“मास्तरले कोनं सांगतलं?”

माय जात्यावरून उठून दाराशी आली होती.

“दिवा सोडला होता थोरल्यानं,” बाप म्हणाला. “ज्वारी पाहाले. इझला. म्या म्हनलं, वारा अशीन. तो बी हासला. तवा वारा नोता. पान हालत नोतं. मी न तो, दोघंच होतो. म्या कोनालेच नाई सांगतलं. तुह्या मायले बी नाई.”

सोबत्याने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की टिपण पुस्तकातले आहे, मास्तर या गावी कधी आलेले नाहीत आणि असा दिवा कुठल्याही पेवात विझला असता. ते खरे होते. बापाने ऐकून घेतले.

“तेच म्हनतो मी,” तो म्हणाला. “मास्तर आला नाई. मंग त्याले ठाव कसं? सांगनारा एकच हाये.”

ओट्यावरच्या माणसाने पाय वर घेतले. माय म्हणाली, “पुढं सांग रे. त्यानं पुढं काय सांगतलं?”

सोबत्याने पुढचे सांगितले, क्रमाने. एक मेला, काठावरचा राहिला. त्याने पुन्हा दिवा सोडला. विझला, म्हणून तो उतरला नाही. त्याने फांदी आणली. दिवा तळाशी जळत राहिला तेव्हाच उतरला. बाप सगळे ऐकेपर्यंत दोर न वळता बसला होता. काठावरचा कोण होता, हे त्याला सांगावे लागले नाही.

सकाळी पेवाचे तोंड उघडले. आंबूस, उबट वास वर आला. बापाने जवसाच्या तेलाचा दिवा शिंक्यात ठेवून आत सोडला. हातभर खाली गेला आणि विझला. पान हलत नव्हते.

“हाये,” बाप म्हणाला आणि दोन पावले मागे सरला.

“बा, ते जड हवा हाये,” सोबती म्हणाला. “कोनी नाई तिथं. काल सांगतलं न म्या—”

मायने त्याचे मनगट धरले. “राहू दे न. त्याच्या म्हनन्यानं थांबून राहिला न तुहा बा? थांबू दे मंग.”

सोबती पुढे बोलला नाही. मनगट मायच्या हातातच होते.

निंबाची मोठी फांदी दोराला बांधून आम्ही पाळीपाळीने खालीवर करत राहिलो. मधून दिवा सोडत होतो. दर वेळी तो आधीपेक्षा खाली जाऊन विझे. बाप शिंक्याकडेच पाहत बसला होता. विझला की तो हळू आवाजात काहीतरी बोले. आम्हाला ऐकू येत नव्हते. ऊन कलल्यावर दिवा तळाला टेकला आणि जळत राहिला. त्याच्या उजेडात ज्वारी दिसली.

बापाने दोर कमरेला बांधला. पेवाच्या तोंडावर वाकून तो आत म्हणाला, “येऊ काय?”

थोडा वेळ त्याने वाट पाहिली. दिवा जळत होता. मग तो उतरला. पहिले टोपले वर आले तेव्हा मायने त्यात हात घातला आणि काढलाच नाही.

अकोल्याला परतलो तेव्हा मास्तरांनी विचारले, “गोष्ट लागू पडली?”

“पडली,” सोबती म्हणाला.

“क्रम राहिला?”

“राहिला.”

“मुद्दा गळला एखादा?”

“नाई.”

“वाढला?”

“म्या नाई वाढवला,” तो म्हणाला.

मास्तरांनी त्याला उत्तीर्ण केले. त्याला अमरावतीच्या बाजूची एक शाळा मिळाली. मी शिक्षक झालो नाही. माझी पुढची वर्षे वर्तमानपत्रात गेली आणि तिथेही घटना घडली त्या क्रमाने लिहिणे हेच काम होते.

कापसाचा भाव उतरल्यानंतर कितीतरी वर्षांनी, पिकांची हकीकत घेण्यासाठी मी त्या रस्त्याने गेलो. ते गाव नव्हते, त्याच्या पलीकडचे कुठले तरी होते. एका वाडीत पेव उघडत होते. एका बाईने दिवा सोडला. तो विझला, तशी सगळी माणसे मागे सरली. त्यांनी फांदी आणली, हवा हलवली आणि पुन्हा दिवा सोडला. एकही पायरी चुकली नाही. मी विचारले, हे कोणी शिकवले?

“एक पोट्टा मेला होता पेवात,” बाई म्हणाली. “त्यानं सांगतलं.”

“कोणाला?”

“त्याच्या बापाले.”

दिवा तळाशी लागला आणि जळत राहिला. उतरणाऱ्याने दोर बांधला आणि तोंडावर वाकून विचारले, “येऊ काय?”

हवा चांगली होती. कोणी उत्तर देणार नव्हते. तरी सगळी माणसे गप्प उभी राहिली आणि मीही राहिलो.