पाच नगांचा सेट आणि माझं तीन पानी पत्र

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी फार शहाणी होते. आता पासष्टावं चालू आहे आणि शहाणपण बरंच ओसरलं आहे, म्हणून हे लिहिता येतं.

वाशीमला आमचं बांगड्या, टिकल्या, क्रीम-पावडरचं दुकान. तेव्हा गल्ल्यावर मीच बसायचे. एका कंपनीनं दुकानदार बायकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. तिथून मी एक प्रमाणपत्र घेऊन आले, ते काचेच्या फ्रेममध्ये घालून आरशाच्या वर टांगलं, आणि त्या दिवसापासून गिऱ्हाईक टिकली मागायला आलं तरी मी आधी त्याच्या त्वचेचा प्रकार सांगायचे. लोक घाईत असायचे. मी नसायचे.

त्या हिवाळ्यात पुण्याहून एका मुलीचा फोन आला. मूळची अनसिंगची, वाशीमला कॉलेजात असताना आमच्याकडून काजळ नेणारी.

"काकू, आईचं अंग फार कोरडं पडलं वं. खाजवून खाजवून पिंढऱ्यांवर रक्त येते. झोप नाही तिले. चौसष्ट वर्षांची झाली, आता काय साधंसुधं लावावं ते तुमीच सांगा. चांगला सेट करून पाठवा, अन् सोबत चिठ्ठी लिहा."

"चिठ्ठी कायले? फोनवर सांग न तू."

"माझं ऐकत नाही ती. मागच्या दोन बाटल्या तशाच कपाटात पडल्या. पण लिहिलेलं मानते. डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवते, देवाच्या पोथीसारखी. यंदाबी नाही लावलं तर काय करू, मले समजत नाही."

लिहिलेलं मानणारी बाई! मला दुसरं काय पाहिजे होतं.

सेट मी चांगला केला, हे आजही म्हणेन. तोंड धुवायचं बिनवासाचं क्लेन्झर, अंगाला साबणाऐवजी सौम्य बॉडी वॉश, सेरामाइड आणि ग्लिसरीन असलेल्या घट्ट क्रीमची डबी, हाताचं क्रीम, ओठांचा बाम. पाच नग, खोका, वर सोनेरी फीत. वास कशालाच नाही, कारण सुगंधानं कोरडी कातडी आणखी चिडते.

घोटाळा पत्रात झाला. तीन पानं लिहिली. त्वचेचा बाह्य थर, ओलावा धरून ठेवणारे घटक, सौम्य आम्लता; प्रशिक्षणाच्या वहीतलं एक अक्षर वाया जाऊ दिलं नाही. 'साठीतल्या आईसाठी' असं लिहायला मात्र हात धजेना. साठी माझ्यापासून दोन वर्षांवर उभी होती, तिचं नाव कागदावर काढलं तर ती लवकर येईल असं वाटलं असावं. म्हणून लिहिलं, 'कोरड्या त्वचेच्या प्रौढ महिलांसाठी उत्तम संच.' तुम्ही लावा, तुमच्या लेकीनं तुमच्यासाठी पाठवलाय, असं एकही वाक्य त्या तीन पानांत नव्हतं. शेवटी सही केली आणि सहीखाली प्रमाणपत्राचा क्रमांक घातला.

खोका संक्रांतीच्या चार दिवस आधी अनसिंगला पोचला.

पंधरा दिवसांनी मुलीचा पुन्हा फोन. आवाज उतरलेला. "काकू, आई म्हणते सामान चांगलं होतं, सगळ्याईले आवडलं. सगळे म्हणजे कोण, विचारलं तर फोन बाबांकडे दिला. अन् खाज तशीच हाय."

मी दुकान सुनेवर टाकून बसनं अनसिंगला गेले. काळजी होती तशी, पण त्याहून जास्त, माझ्या पत्राचा अपमान कुणी केला ते पाहायचं होतं.

बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. मी कोण ते सांगितल्यावर उठून पाणी आणलं, चहा टाकला, आणि मग खुशीनं म्हणाली, "तुमचं पत्र ठेवलं हाय बाई मी. लय मोठं लिहिता."

"सेट लावला का तुम्ही?"

"मी कायले लावू? वानाचं होतं ते."

तिनं बोटांवर मोजत हिशोब दिला. संक्रांत आलेली, खोका पाठवला एवढंच लेकीनं फोनवर सांगितलेलं, आत पाच नग, वर चिठ्ठीत लिहिलेलं की हे महिलांसाठी उत्तम आहे. हळदीकुंकवाला तिनं पाच सवाष्णी बोलावल्या आणि एकेकीच्या ओटीत एकेक नग घातला.

"त्या पाचवीनं त्या तोंड धुवायच्यानं केस धुतले," ती म्हणाली. "फेस नाही आला म्हणे. मी म्हटलं, लेकीनं पुण्याहून वानाले पाठवलं, तू कायले नावं ठेवतं?"

"अहो, पण ते तुमच्यासाठी होतं!"

"मंग तसं लिहाव न बाई. तीन पानं लिहिली, हे एवढं नाही लिहिलं?"

वाण परत मागता येत नाही, ते तिला सांगायची गरज नव्हती आणि मलाही नव्हती.

लुगड्याचा काठ जरा वर सरकला तेव्हा पिंढऱ्या दिसल्या. पांढुरक्या खवल्यांची जाळी आणि त्यावर नखांच्या लाल रेघा. मी प्रमाणपत्र विसरले आणि साध्या बाईसारखं विचारलं, आंघोळ कशी करता? कढत पाण्यानं, म्हणाली, चटके बसेपर्यंत. त्यानं खाज थांबते. मग दगडानं घासते. मग उन्हात बसते सुकत, सगळं सुकल्यावर वाटलं तर तेल.

खाज थांबते ती घटकाभर, दुप्पट होऊन परत येते. तिच्या नातवाच्या वहीचं एक पान मागून घेतलं आणि तिच्यासमोरच लिहिलं, मोठ्या अक्षरांत:

'हे फक्त तुमच्यासाठी. कुणालाही द्यायचं नाही. पाणी कोमट. दगड बंद. साबण काखेला आणि तळपायांना, बाकी अंगाला नको. अंग टिपा, पुसू नका, आणि ओलसर असतानाच क्रीम लावा, दिवसातून दोन वेळा. आधी एक दिवस कोपराच्या आत थोडं लावून पाहा. तीन आठवड्यांत खाज कमी झाली नाही, किंवा पू आला, तर डॉक्टरला दाखवा, साखरही तपासा.'

तिनं पान दोनदा वाचलं. "सेट पाठवू पुन्हा?" मी विचारलं.

"कायले पाच? यात तं एकच लिहिलं हाय."

खरंच एकच लिहिलं होतं. बाकीचे चार नग मी खोका भरावा म्हणून घातले होते; लेकीला बरं वाटायला ही एक डबीही पुरली असती.

"तुमी लावता काय हे?" तिनं माझ्या हातांकडे पाहत विचारलं.

"लावते," मी म्हणाले. माझे कोपर तेव्हा खडूसारखे होते. तिनं ते पाहिले आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला, ही तिची माणुसकी.

डबी दुसऱ्या दिवशी बसवाल्याच्या हाती पाठवली. सोनेरी फीत लावली नाही.

महिन्याभरानं मुलीचा फोन आला. आईला आता रात्री झोप लागते म्हणाली. पिंढऱ्यांवरच्या रेघा बुजत आल्यात, बाबांना हात लावू देत नाही डबीला, पाहुण्यांपासून कपाटात कुलपात ठेवते. मग आईच फोनवर आली.

"बाई, डबी लहान हाय. सपली. मोठी पाठवा."

"पाठवते. सोबत पत्र लिहू का?"

"नको," ती म्हणाली. "पत्राची जागा क्रीमनंच भरा."