लागम चंगशिकाय हेगआ

आमच्या घरात मोठ्या माणसांना काही लपवायचं असलं की ती इंग्रजीत बोलत. मला त्याचा भयंकर राग यायचा. मे महिन्यात मी बदलापूरहून अंबरनाथला मामाकडे राहायला जायचे. मामा कारखान्यात अधिकारी, आणि त्याची मुलगी माझ्याहून वर्षाने मोठी. एका सुट्टीत आम्ही दोघींनी ठरवलं, तुमची भाषा तुम्हाला लखलाभ, आम्ही आमची करू.

'च'ची भाषा गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही येत होती, म्हणून ती बाद. आमचा नियम असा: शब्दाचं शेवटचं अक्षर आधी, मग 'ग', मग उरलेला शब्द. 'मला' म्हणजे 'लागम', 'नको' म्हणजे 'कोगन'. एकाच अक्षराचा शब्द असेल तर आधी नुसता 'ग', म्हणून 'तू' झाला 'गतू'. जोडाक्षर फोडायचं नाही, त्यामुळे 'लग्न' म्हणताना 'ग्नगल'वर जीभ हमखास अडखळायची. गच्चीवर पापडांची राखण करत आम्ही इतका सराव केला की पुढच्या सुट्टीत आम्ही त्यात भांडूही लागलो. आणि मोठ्यांना अर्थ सांगायचा नाही, जीव गेला तरी.

तिची बारावी झाली त्या सुट्टीत मामाने तिच्यासाठी स्थळ आणलं, उल्हासनगरचं. तिला पुढे शिकायचं होतं. मामा म्हणाला, "विचारतील तेवढंच बोलायचं."

पाहुणे आले. मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवून विचारलं, "कशाची आवड आहे गं तुला?"

ती मान वर करून म्हणाली, "लागम ग्नगल कोगन. लागम चंगशिकाय हेगआ."

या वेळी जीभ अडखळली नाही. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मामा माझ्यावर खेकसला, "काय म्हणतेय ती?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "गतू गगसां." तू सांग.

मग मी सांगितलं. मोठ्याने, सगळ्यांसमोर, एक शब्दही न गाळता. "मला लग्न नको. मला शिकायचं आहे."

मुलाच्या आईने पदर सावरला आणि मंडळी चहा न घेताच उठली. दार लागल्यावर मामा तिच्यावर ओरडला, "अगं, हे मराठीत सांगता येत नव्हतं तुला?"

"मराठीतच सांगत होते, बाबा. महिनाभर. तुम्ही ऐकलंत का?"

मामी आतून आली आणि बशा उचलता उचलता म्हणाली, "पोरगी शिकणार आहे. विषय संपला."

जूनमध्ये ती कॉलेजात गेली. आगाऊ म्हणून मामा वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही. न बोलेना का. त्या भाषांतराचा मला आजही रतीभर पस्तावा नाही.